फोटोखालच्या चार ओळी

आख्ख्या मोताळा तालुक्यात बँकेच्या जाहिरातीसाठी फोटो काढलेला शिपाई मी एकटाच आहो. फोटो खरा तर कापूसवाल्या एका खातेदाराचा काढायचा होता, पण तो आलाच नाही, अन् कॅमेऱ्यावाला तासावर पैसे घेऊन राह्यला होता म्हणून मले उभं केलं.

शर्ट कॅशियरचा होता. माह्या पोटावर त्याची दोन बटनं लागेनात, तर कॅमेऱ्यावाला म्हणे, पासबुक तिथंच धरा अन् हसा. त्या फोटोत मी पासबुक कसं जिवाशी धरून उभा आहो असं हेड ऑफिसवाल्यायले वाटलं. मी बटनं झाकून राह्यलो होतो.

मी शिकेल नाही. दुसरीत दोन साल बसलो, मंग गुरुजीनंच बापाले सांगतलं का याच्या हाती बकऱ्या द्या, तठी तरी गणती करंल. आता अक्षरं लावतो, बोट ठेवून, हळूहळू. सही येते. बँकेत चहा आणतो, फायली देतो, दिवसाची व्हाउचरं सुईनं शिवतो, संध्याकाळी शटर ओढतो. नऊ सालं झाली, रोजंदारीवर. अन् ज्या सालची ही गोष्ट, त्याच साली माही परमनंटची फाईल हेड ऑफिसले जाणार होती. तिच्यावर फक्त आमच्या मॅनेजर मॅडमचे दोन शब्द लिवाचे बाकी होते. हे मी पहिलेच सांगून ठेवतो, काहून का पुढं जे काही मी भेलो ते त्याच दोन शब्दांच्या पायी भेलो. निदान मले तसंच वाटत होतं.

बँकेनं बचतीचं नवं खातं काढलं. त्याचा फ्लेक्स लागणार होता बाजारात, एसटी स्टँडवर, अन् धाड गावच्या दुसऱ्या शाखेबाहेरबी. वर फोटो, खाली चार ओळी. त्या ओळीले मॅडम कॅप्शन म्हणत. हेड ऑफिसनं पहिले जे पाठवलं ते मी बोट ठेवून वाचलं. ‘भरघोस व्याज. सर्व सेवा मोफत. चिंता शून्य.’ तिन्हीच्या डोक्यावर एक एक चांदणी. अन् खाली मुंगीएवढ्या अक्षरात, ‘अटी लागू.’

मॅडमनं फोन लावला. दार उघडंच होतं, मी फायली लावायचं नाटक करून उभा होतो.

“सर, हे तीन तारे काढा. माझ्याकडे येणारी माणसं ताऱ्याखालचं वाचत नाहीत, मग पैसे कापले की माझ्या टेबलाशी येऊन रडतात. जे कापणार आहोत ते मोठ्या अक्षरात सांगू या.”

तिकडून काही तरी बोलणं झालं. मॅडम म्हणाल्या, “हो, मीच लिहून देते. एक महिना आमच्या शाखेत लावून बघू. लोकांना कळलं तर तेच छापा.”

मॅडम तरुण. नांदुऱ्याकडच्या. आवाज कधी चढत नाही, अन् त्याचीच मले जास्त भीती वाटे. वरडणाऱ्या साहेबाचं मले काही वाटत नाही, तो वरडला का मोकळा होते. ही बाई फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवे.

दोन दिवस बसून तिनं ओळी लिवल्या. कागद घेऊन मले खुर्चीवर बसवलं. बँकेच्या खुर्चीवर बसाची माही ती पहिली वेळ, अर्धाच बसलो.

“भाऊ, मी वाचते. तुम्ही नीट ऐका. कळलं नाही तिथं थांबवा. तुम्हाला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं.”

अन् तिनं वाचलं. मले पाठ आहे, पुढं त्यानं माहा एवढा जीव खाल्ला का विसरणार नाही.

‘खात्यात महिन्याची सरासरी शिल्लक एक हजार रुपये ठेवा. कमी पडल्यास आधी कळवू आणि एक महिना वेळ देऊ. तरीही कमी राहिल्यास जितकी कमी त्या प्रमाणात शुल्क, जास्तीत जास्त पन्नास रुपये, कर वेगळा. व्याज वर्षाला तीन टक्के, रोजच्या शिल्लकेवर, तीन महिन्यांनी जमा. दर बदलू शकतो. शिल्लक ठेवणे शक्य नसल्यास साधे खाते उपलब्ध.’

“कळलं?”

“हाव मॅडम, कळलं.”

“सरासरी म्हणजे काय ते कळलं ना?”

“कळलं ना. सोपंच तर आहे.”

मले काही म्हणता काही कळलं नव्हतं. पण पन्नाशीले आलेला माणूस, अर्धा खुर्चीवर बसलेला, कॅशियर काचेतून पाहून राह्यला, तो काय म्हणंल? लहानपणापासून माही एकच विद्या आहे, मान हालवणं. गुरुजीसमोर हालवली, डॉक्टरसमोर हालवली, लग्नात भंतेजीनं काय म्हणलं ते कळलं नाही तरी हालवली अन् बायको घेऊन आलो. मॅडम खूश झाल्या. कागदावर टिक मारली. “बघा,” कॅशियरले म्हणाल्या, “यांना कळलं.”

माही छाती फुगली. बटनं गेली असती, पण त्या दिवशी शर्ट माहा होता.

आता, कळलं नव्हतं तं चूप बसावं का नाही? पण लोकं मलेच विचारत. काचेच्या आतल्या माणसाले विचाराले लोकं भेतात, चहावाल्या शिपायाले कोणीबी विचारते. मंग मी माह्या डोक्यानं अर्थ लावला. बँकेत नऊ सालापासून मी काय पाह्यलं? ऑडिटवाला येते त्या दिवशी सगळं जाग्यावर पाहिजे. त्या दिवशी कपाटं पुसलेली, रजिस्टर शिवलेलं, पाण्याचा माठ झाकलेला. तो गेला का मंग कोण पाहून राह्यलं? मले वाटलं पैशाचंबी तसंच असंल. महिना संपते त्या दिवशी कम्प्युटर येऊन पाहून जात असंल का हजार आहे का नाही. आहे, तं खूण करते अन् जाते.

हे मी आठवडी बाजारात सांगत सुटलो.

बाजारात माही सासू रोज भाजी विकते; बाजाराच्या दिवसासाठी हर्रासीत, म्हणजे लिलावात, जास्त माल घेते. मी तिले मामी म्हणतो. बारीक बाई, कमरेत वाकलेली, पण तराजू धरला का सरळ. लग्नाले बावीस सालं झाली, या बाईनं माही एक गोष्ट मानली नाही. मी म्हणलं ऊन आहे तं ती वर पाहून घे. तिले मी सांगतलं, “मामी, नवं खातं काढा. हजार टाका, दुसऱ्या दिवशी हर्रासीले लागन तं काढून घ्या. फक्त महिन्याच्या शेवटच्या तारखेले हजार परत टाकून ठेवा. व्याज भेटते, अन् एक रुपयाबी कटत नाही.”

ती माह्याकडं पाहत राह्यली. “पक्कं?”

“मॅडमनं मले बसवून समजावलं. खुर्चीवर.”

“खुर्चीवर?” तिनं बाजूच्या बाईले डोळा दावला. “मंग खरंच असंल.”

अन् बावीस सालांत पहिल्या बार तिनं माहं ऐकलं. तिच्या मांगून तिच्या ओळीतल्या सहा बाया आल्या. सात जणींची खाती निघाली. मॅडमनं मले शाबासकी देली, कॅशियरनं त्याच आठवड्यात फोटोसाठी शर्ट देला. तेवढे वीस-पंचवीस दिवस मी कसा चालत होतो ते बायकोले विचारा. ती म्हणे, रस्ता तुमच्या बापाचा आहे का, जरा बाजूनं चाला.

बाया तं इमानदार. हजार टाकले, दुसऱ्या दिवशी काढले, हर्रासीत भाजी घेतली. शेवटच्या तारखेले सातही जणी ओळीत उभ्या राहून हजार टाकून गेल्या. एक तारखेले परत काढून नेले.

एक तारखेलेच मेसेज आला.

बाजाराचा दिवस होता. मी चहाची किटली घेऊन चाललो, तं मामीनं हाक मारली. “ओ जवाईबुवा, हे पाहा बरं, फोन वाजला. बँकेचं काही आहे वाटते.” तिचा साधा बटनाचा फोन. मी किटली खाली ठेवली अन् वाचाले लागलो, एक एक अक्षर.

‘आपल्या खात्याची मागील महिन्याची सरासरी शिल्लक एक हजार रुपयांपेक्षा कमी आहे. तीस दिवसांत सरासरी न भरल्यास शुल्क आकारले जाईल.’

दोनदा वाचलं. मंग तिसऱ्यांदा बोट न ठेवता वाचलं, असं माह्याकडून कधी झालं नव्हतं. कम्प्युटरनं शेवटच्या दिवशी हजार पाह्यले, तरी कमी म्हणते? म्हणजे तो रोज येत होता. रोज पाहून राह्यला होता, ऑडिटवाला कुठी गेलाच नव्हता.

कानात गरम पाणी ओतावं तसं झालं. बाजूच्या बाईचा फोन वाजला. मंग तिच्या पलीकडचीचा. आलूच्या ढिगावर ठेवलेला एक फोन वाजत वाजत खाली घसरला. सात फोन वाजलेले मी मोजले.

“काय लिवलं?” मामी म्हणे.

अन् मी काय केलं? “जाहिरात आहे मामी. बँक नव्या खात्याची जाहिरात पाठवून राह्यली. पुसून टाकू का?”

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणे. “तुमच्या बँकेचं आहे ना. ऱ्हाऊ द्या.”

हे तिनं माह्यावर विश्वास ठेवून म्हणलं. शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं.

पुढचे नऊ दिवस मी बाजाराकडं गेलो नाही. चहा दुसऱ्या गल्लीच्या हॉटेलातून आणू लागलो. कॅशियर म्हणे, चहा काऊन बदलला बे? मी म्हणलं, तठी अद्रक जास्त टाकतात. त्यात अद्रक नव्हतंच. बँकेत कोणाचा पदर दिसला का मी माठामांगं जाऊन पाणी भरल्यासारखं करो. एक दिवस माठ तीनदा भरला. तिसऱ्या बारीले पाणी खालून वाहाले लागलं अन् मॅडमच्या चपला ओल्या झाल्या. तिनं चष्मा काढला. माहा जीव गेला. पण तिनं तो फक्त पुसून परत लावला अन् म्हणाली, “भाऊ, तब्येत बरी आहे ना?”

“हाव मॅडम.” मान हालवली.

दोन भीती होत्या. एक मॅडमची, का तिनं माह्या मानेवर टिक मारली होती, अन् आता माही फाईल तिच्या टेबलावर होती. दुसरी मामीची. पहिल्या भीतीत नोकरी होती. दुसरीत काय होतं ते मले सांगता येत नव्हतं, पन्नास रुपये अन् वरचा कर एवढंच तं कटणार होतं. पण घरी बायको म्हणे, “आई सगळ्या आळीले सांगून राह्यली, माहा जवाई बँकेत आहे, त्यानं सांगतलं तसं करा.” हे ऐकलं का मी अर्धी भाकर ताटातच ठेवून उठो.

दहा तारीख. दुपार. मॅडमच्या फोनवर फ्लेक्सचा नमुना आला. तिनं मले आत बोलावलं, हसत.

“बघा, तुम्ही कसे दिसताय.”

फोनभर मीच होतो. पासबुक पोटावर, दात बाहेर. अन् माह्या हनुवटीखाली त्याच ओळी. ‘महिन्याची सरासरी शिल्लक एक हजार रुपये ठेवा.’ असं वाटे का मीच बोलून राह्यलो. हे आता बाजारात लागणार, दहा फूट. मामीच्या दुकानासमोरच खांब आहे. सातही जणींचे पैसे कटणार तवा समोर मी दात काढून उभा असणार, रातंदिवस, पाऊस असो ऊन असो, अन् पळूनबी जाता येणार नाही.

“चार वाजेपर्यंत ओके कळवायचं आहे,” मॅडम म्हणाल्या. “छपाईला गाडी बुलढाण्याला जातेय. कळवू ना?”

घड्याळात साडेतीन.

मी मान हालवली. मंग थांबवली. ती मान थांबवाले जेवढा जोर लागला तेवढा मले पोतं उचलाले लागत नाही.

“मॅडम,” म्हणलं, “मले ते कळलं नव्हतं.”

“काय कळलं नव्हतं?”

“सरासरी. तवाच कळलं नव्हतं. मी उगंच हाव म्हणलं.”

तिनं चष्मा काढला. टेबलावर ठेवला. बाहेर कॅशियरची नोटा मोजाची मशीन फरफर करून राह्यली होती, तेवढाच आवाज. मी म्हणलं आता फाईल गेली. गेली तं गेली, पण मशीन बंद होऊ नये असं वाटत होतं, कारण ती बंद झाली का मले माहा श्वास ऐकू आला असता.

“किती जणांना तुम्ही समजावलं?” आवाज तोच, न चढलेला.

“सात बायांले. ऑडिटसारखं सांगतलं. शेवटच्या तारखेले हजार दावा म्हणलं.”

“आणि त्यांना मेसेज गेलेत.”

“मी त्यायले सांगतलं जाहिरात आहे म्हणून.”

तिनं चष्मा परत डोळ्यावर लावला. मंग फोन उचलला अन् हेड ऑफिसले म्हणाली, “सर, आज ओके देत नाही. ओळी बदलायच्या आहेत.” तिकडून काही जोरात आलं. “हो सर, माझी चूक आहे,” ती म्हणाली. तिची! मी तिथंच उभा होतो अन् ती म्हणाली, माझी चूक.

फोन ठेवून पर्स उचलली. “चला.”

“कुठी?”

“तुमच्या सासूबाईंकडे.”

फाईल गेली तं चालंल पण हे नको, असं मले तवा कळलं. नोकरीची भीती मी नुसती पुढं करत होतो, खरी भीती मामीची होती. बँकेपासून बाजार पाच मिनिटांचा. मले ते पाच मिनिटं जन्मभर पुरले असते. मी मॅडमच्या मांगं चार पावलं चाललो, रस्त्यात लोकं विचारत, काय शिपाई, मॅडमले बाजार दावून राह्यला का, अन् मी मान हालवो.

मामीनं मॅडमले पाहून तराजू खाली ठेवला, पदर सारखा केला. “जयभीम मॅडम.”

“जयभीम मावशी.” मॅडम सरळ रिकाम्या क्रेटवर बसल्या, मेथीच्या बाजूले. बाकी सहा जणी गोळा झाल्या. मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. सांगाचं मले होतं.

“मामी,” म्हणलं, “ती जाहिरात नव्हती.”

अन् सगळं सांगतलं. मान हालवली ते, ऑडिटचं, मेसेजचं, दुसऱ्या गल्लीतल्या चहाचं. एक बाई म्हणे, “तरीच! म्हणलं जवाई दिसत नाही.” दुसरी म्हणे, “आमचे पैसे कटले का मंग?” मामी कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडे अन् परत बांधे.

“अजून एक रुपयाही कापलेला नाही,” मॅडम म्हणाल्या. “आधी कळवायचं, एक महिना द्यायचा, असा नियमच आहे. महिना संपायला वीस दिवस आहेत. आता ऐका. मावशी, तुम्ही रोज संध्याकाळी गल्ला बघता ना?”

“पाहतो ना.”

“बँकही तसंच करते. रोज दिवस संपला की खात्यात किती उरले ते लिहून ठेवते. महिनाभराच्या सगळ्या दिवसांचे आकडे एकत्र करायचे, आणि जितके दिवस तितक्यांनी वाटायचे. ते हजार यायला पाहिजेत.”

या बारीले मी मान हालवली नाही. मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. “कळलं, भाऊ?”

“नाही,” म्हणलं.

सात बाया हासल्या. पण त्या ‘नाही’नं माह्या छातीवरचा दगड थोडा सरकला.

मामीनं कोथिंबीर खाली ठेवली. “थांबा,” म्हणे. “म्हणजे एखाद्या दिवशी खातं रिकामं राह्यलं, अन् दुसऱ्या दिवशी दोन हजार ठेवले, तं चालते?”

“चालतं.”

“मंग या महिन्यात दहा दिवस रिकामे गेले. आता वीस दिवस ऱ्हायले. त्या दहा दिवसांचे हजार हजार याच वीस दिवसांत भरून काढाचे. म्हणजे रोजचे अर्धे हजार वर. वीस दिवस दीड हजार ठेवाले लागतीन.”

मॅडमनं फोनवर आकडे दाबून पाह्यले. “बरोबर,” म्हणाल्या, अन् फोन पर्समधी ठेवून देला.

कधी शाळेत गेली नाही ती बाई. मी निदान दुसरीत दोन साल बसलो होतो.

“पण मॅडम,” मामी म्हणे, “दीड हजार मी वीस दिवस बँकेत ठेवले तं हर्रासीत काय घेऊ? माहं भांडवलच तेवढं आहे. खात्यात काहीच नसलं तं तुमी कुठून कापता, घरी येऊन?”

“नाही नाही. शुल्क कापून खातं शून्याच्या खाली नेता येत नाही.” मॅडम क्रेटवर पुढं सरकल्या. “पण तुमच्यासाठी हे खातं नाहीच आहे, मावशी. तुम्हाला साधं खातं पाहिजे. त्यात शिल्लक ठेवायची अट नाही, काही कापत नाही. पैसे कितीही वेळा टाका, महिन्यातून चार वेळा काढणं फुकट. व्याज तेच. अर्ज केला की हेच खातं तसं करून मिळतं.”

“चारदा तं मले पुरे. आठवड्याच्या बाजाराले एकदा.” मामीनं मॅडमकडं रोखून पाह्यलं. “मंग हे पहिले काऊन नाही सांगतलं?”

“लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत.”

“शेवटी काऊन?”

मी मॅडमले कधी खाली पाहताना पाह्यलं नव्हतं, त्या दिवशी तिनं मेथीकडं पाह्यलं. “चुकलं,” म्हणाली. “मी हेड ऑफिसचे तारे काढले आणि ती ओळ खाली ढकलली. सांगा, कसं लिहू?”

मंग त्या क्रेटवर, भाजीच्या बिलाच्या पाठीमांगं, कॅप्शन लिवल्या गेलं. एक म्हणे ‘शुल्क’ नका लिवू, ‘पैसे कापू’ लिवा, तेच तं करता. एक म्हणे ‘उपलब्ध’ काय असते, ‘भेटते’ म्हणा. मॅडम म्हणाल्या, ‘मिळतं’ लिहू. मामी म्हणे, लिवा, पण पहिले लिवा. दर बदलते ते खरंच बदलते का, असं एकीनं विचारलं, तं मॅडमनं तेबी खोलून सांगतलं, वाढूबी शकते, कमीबी होऊ शकते. प्रत्येक ओळ झाली का मॅडम मले विचारत, अन् मी दोनदा ‘नाही’ म्हणलं. दुसऱ्या ‘नाही’ले सगळ्या बाया वैतागल्या.

शेवटी असं झालं:

‘शिल्लक ठेवायला जमत नसेल तर साधं खातं मिळतं. त्यात शिल्लक नसली तरी काही कापत नाही. हे नवं खातं हवं असेल तर दिवस संपताना खात्यात हजार रुपये राहू द्या. एखाद्या दिवशी कमी पडले तर त्याच महिन्यात दुसऱ्या दिवशी तेवढे जास्त ठेवा, आम्ही महिनाभराचं मिळून मोजतो. तरी कमी पडले तर आधी कळवू, महिनाभर थांबू. मग जेवढे कमी तेवढ्या हिशेबानं पैसे कापू, पन्नास रुपयांच्या वर नाही, कर वेगळा. व्याज वर्षाला शंभरावर तीन रुपये, दर तीन महिन्यांनी जमा. हा दर पुढं वाढेल किंवा कमीही होईल.’

मामीसगट चार जणींनं दुसऱ्याच दिवशी साध्या खात्याचे अर्ज देले. अंगठ्याजवळ साक्षीले माही सही. तिघींनं दीड हजार ठेवले. महिना संपला त्या दिवशी मी सकाळपासून कम्प्युटरमांगं उभा, ऑपरेटर म्हणे मांगून श्वास नको सोडू बे, मान गरम होते. एकीचाबी रुपया कटला नाही. तरीबी पुढचे चार दिवस कोणाचा फोन वाजला का मी माठाकडं पळो.

माह्या फाईलवर मॅडमनं काय लिवलं ते मले माहीत नाही. ती हेड ऑफिसले गेली, अजून तठीच आहे. विचाराची हिंमत झाली नाही, अन् या बाबतीत कोणी मले बसवून वाचूनबी दाखवलं नाही.

हेड ऑफिसनं नव्या ओळी पाहून फोन केला. एवढं मोठं कॅप्शन कुठं असते का, फोटोखाली मावत नाही. मॅडम म्हणाल्या, अक्षर बारीक करायचं नाही. ते म्हणे, मंग जागा कुठून आणू? मॅडम दारातून माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या. मले तवाच समजलं, अन् या बारीले खरंच समजलं.

फ्लेक्स लागला तं मी चहा घेऊन पाहाले गेलो. वरून खालपर्यंत नुसती अक्षरं, मोठी मोठी. कोपऱ्यात बँकेचं चिन्ह. मी कुठीच नव्हतो. पासबुक नाही, दात नाही, कॅशियरचा शर्टबी नाही. खांबाखाली पाच-सहा जण उभे राहून वाचून राह्यले होते, एक पोरगी तिच्या आजीले मोठ्यानं वाचून दावे, अन् आजी मधीच थांबवून विचारे.

मामी तराजूमांगून माह्याकडं पाहून राह्यली होती. त्या दिवसानंतर ती माह्याशी कामापुरतंच बोले. मी म्हणलं आता चार चांगले शब्द बोलंल. किटली खाली ठेवली अन् म्हणलं, “मामी, माहा फोटो काढून टाकला हो त्यायनं.”

“मंग बरंच झालं,” ती म्हणे. “तुमचं तोंड हटलं तवा कुठं खरं लिवाले जागा झाली. सरका आता, गिऱ्हाईक उभं आहे.”